अ‍ॅसिडिटी बरोबर, पण एमबीआरटी एक तास: केंद्रावर टेस्ट कशी लावायची आणि चूक कुठं आहे ते कसं शोधायचं

प्रश्न: आमच्या गावच्या संस्थेत दोन्ही वेळचं मिळून 1200 लिटर दूध येतं, बल्क कूलर आहे. अ‍ॅसिडिटी 0.13-0.14, उकळून फाटत नाही, फॅट-एसएनएफ पण चांगलं. तरी डेअरीच्या रिपोर्टला एमबीआरटी कधी साडेतीन तास तर कधी फक्त एक तास येते. सभासद म्हणतात आमचं दूध ताज्या धारेचं आहे. ही टेस्ट आम्हाला केंद्रावर करता येईल का, आणि चूक कुणाची ते कसं कळणार?

उत्तर:

येईल की. दहावी झालेला पोरगा दोन दिवसात शिकतो, मी कित्येक केंद्रांवर शिकवलंय. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर रिपोर्ट वाचून उगाच भांडणं होतात. एमबीआरटी म्हणजे मिथिलीन ब्लू रिडक्शन टेस्ट, नळीतल्या दुधात घातलेला निळा रंग जायला किती तास लागतात ते, आणि अ‍ॅसिडिटी व एमबीआरटी या दोन वेगळ्या वेळच्या गोष्टी आहेत. बॅक्टेरियांनी दुधातली साखर खाऊन आम्ल तयार केलं की अ‍ॅसिडिटी वाढते, आणि ती तुमच्या ब्युरेटवर दिसेपर्यंत बॅक्टेरिया मिलिलिटरमागे दहा लाखांच्या बरेच पुढं गेलेले असतात. उकळून फाटणं तर त्याच्याही नंतरचं. म्हणजे 0.14 अ‍ॅसिडिटीचं दूध एमबीआरटीला पाच तास टिकणारं पण असू शकतं आणि एक तास टिकणारं पण. तुमच्या रिपोर्टमध्ये विसंगती काहीच नाही, दूध नासलेलं नाही पण नासायच्या वाटेला लागलेलं आहे, एवढंच ते सांगतंय.

नळीत होतं काय ते बघा. मिथिलीन ब्लू हा रंग ऑक्सिजन आहे तोवर निळा राहतो. 37 अंशाला बॅक्टेरिया दुधात विरघळलेला ऑक्सिजन वापरून संपवतात, तो संपला की रंगाचीच क्षपणक्रिया होते आणि दूध परत पांढरं दिसायला लागतं. बॅक्टेरिया जितके जास्त आणि जितके चपळ, तितकं लवकर. रंग गेलेली नळी एकदा जोरात हलवून बघा, हवा मिसळली की परत निळसर होते, मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच दाखवतो कारण मग त्यांना आपोआप कळतं की नळी हलवायची का नाही आणि वरच्या टोकाला निळी कडी का राहते. ती कडी हवेमुळं राहते. वरचे पाच मिलिमीटर निळे असले आणि खालचं सगळं पांढरं झालं की नळी गेली असं धरायचं, वरची कडी जायची वाट बघत बसायचं नाही.

आता टेस्ट. 10 मिलिलिटर दूध, 1 मिलिलिटर मिथिलीन ब्लूचं द्रावण, 37 अंशाचा वॉटर बाथ. या टेस्टसाठीच्या रंगाच्या स्टँडर्ड गोळ्या लॅब सामानाच्या दुकानात मिळतात, पाकिटावर लिहिलंय तेवढ्या उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात गोळी विरघळवायची. दुसरीकडची कुठली निळी पावडर आणून अंदाजे करू नका, दुधात रंगाचं प्रमाण शेवटी तीन लाखात एक भाग इतकं कमी असतं, रंग दुप्पट पडला की वेळ लांबते आणि तुमचं दूध फुकटात चांगलं ठरतं. द्रावण काळपट बाटलीत, फ्रीजमध्ये, आणि आठवड्याला नवीन. नळ्या, बूच आणि पिपेट उकळत्या पाण्यातून काढलेले पाहिजेत, आणि दर सॅम्पलला पिपेट वेगळं. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. एकच पिपेट पाण्यात खळबळून वीस नळ्या भरणारे मी बघितलेत, मग अर्ध्या तासाच्या दुधानंतर भरलेलं पुढचं पाच तासाचं दूध पण तीनवर येतं आणि सभासद बिचारा विनाकारण बदनाम. रंग घालताना पिपेटचं टोक दुधाला लागू द्यायचं नाही.

बूच लावून नळी एकदा सावकाश उलटी-सुलटी करायची म्हणजे रंग मिसळतो आणि मग बाथमध्ये, पाण्याची पातळी नळीतल्या दुधाच्या वर. बाथला झाकण पाहिजे. उन्हाच्या तिरिपेत ठेवलेल्या नळ्यांचा रंग उजेडानेच लवकर जातो. घड्याळ लावा आणि दर अर्ध्या तासाला बघा. ज्या नळ्यांत रंग जायला सुरुवातच नाही त्या एकदा सावकाश उलट्या करून परत ठेवायच्या, कारण मलई वर चढते आणि सोबत बॅक्टेरिया पण वर घेऊन जाते, खालचं दूध मग उगाच स्वच्छ दिसतं. जिथं रंग जायला लागलाय ती नळी मात्र हलवायची नाही.

सोबत दोन कंट्रोल ठेवायच्याच. एकात दूध आणि रंगाऐवजी साधं पाणी, दुसऱ्यात दूध आणि रंग, दोन्ही उकळत्या पाण्यात तीन मिनिटं धरून मग बाथमध्ये. पहिली नळी म्हणजे पूर्ण रंग गेल्यावर दूध कसं दिसतं ते, दुसरी म्हणजे रंग अजिबात गेला नाही तर कसं दिसतं ते. गायीचं दूध जरा पिवळट आणि म्हशीचं पांढरंफेक असल्यामुळं ही तुलना डोळ्याच्या भरवशावर सोडू नका, विशेषतः संध्याकाळी ट्यूबलाइटखाली. उकळलेल्या दुसऱ्या नळीचा पण रंग गेला तर त्या दिवशीची टेस्ट बाद, भांड्यात किंवा रंगातच काहीतरी गडबड आहे.

आपल्याकडं चालणारी प्रतवारी अशी की पाच तास आणि वर गेलं तर खूप चांगलं, तीन-चार तास चांगलं, एक-दोन तास बरं, आणि अर्ध्या तासात गेलं की वाईट. तुमचं साडेतीन आणि एक म्हणजे एक पायरी खाली-वर. रोज एकसारखं दोन तास येत असतं तर मी म्हटलं असतं गोठ्यांचीच सवय वाईट आहे. पण हेलकावे खाणारा रिपोर्ट असला की मला आधी केंद्रावर शंका येते, कारण चाळीस गोठे एकाच दिवशी घाण आणि तीन दिवसांनी एकाच दिवशी स्वच्छ होत नसतात.

कृष्णाकाठच्या एका गावात अगदी तुमच्यासारखीच केस होती, 41 सभासद, बल्क कूलर, एप्रिलचा महिना, ती कशी सोडवली ते सविस्तर सांगतो म्हणजे तुम्हाला तसंच करता येईल. 41 नळ्या लावण्यात अर्थ नव्हता, बाथ चोवीसच नळ्यांचा. म्हणून संध्याकाळच्या संकलनाला आम्ही सभासदांचे दहा-दहाचे गट केले, शेवटचा अकराचा, आणि प्रत्येकाच्या किटलीतून सारखंच थोडं थोडं दूध घेऊन गटाचं एक सॅम्पल केलं. अशा चार नळ्या. पाचवी नळी वजनकाट्याखालच्या डंप टँकमधली. मग पाइपचं कूलरमध्ये पडणारं टोक धरून दोन नळ्या, एक मोटर चालू केल्या केल्या पडणाऱ्या पहिल्या दुधाची आणि दुसरी जवळजवळ सगळं दूध जाऊन झाल्यावरची. आठवी नळी संकलन संपल्यावर कूलरचं ढवळणं पाच मिनिटं चालवून कूलरमधली. सॅम्पल घेतलं की बाटली लगेच बर्फात, आणि सगळ्या नळ्या एकाच वेळी बाथमध्ये, नाहीतर पहिल्या सभासदाचं दूध गरम हवेत तासभर बसलेलं आणि शेवटच्याचं ताजं, तुलना कसली होणार.

रात्री दीडपर्यंत बसलो. पहिले तीन गट पाच तासाला पण निळेच होते. चौथा गट दोन तासाला गेला. डंप टँक चार तासाला. पाइपमधून पडलेलं पहिलं दूध अर्ध्या तासात पांढरं, आणि शेवटचं तीन तासाला. कूलर अडीचला. आता हे आकडे ओळीनं वाचा. सगळ्यांचं दूध एकत्र होऊन टाकीत चार तास टिकतंय, म्हणजे गावाचं दूध एकूण वाईट नाही. त्याच टाकीतलं दूध वीस फूट पाइपमधून गेलं आणि अर्ध्या तासावर आलं, नंतर पाइप दुधानंच धुतला गेला तसं तसं सुधारून तीनवर गेलं. जे काय होतं ते पाइपात होतं, आणि रोज पहिल्या पन्नासएक लिटर दुधानं ते धुऊन कूलरमध्ये नेऊन सोडलं जात होतं.

सेक्रेटरी ऐकेनात. म्हणाले, "साहेब, पाइप रोज धुतो, बघा की पाणी कसं स्वच्छ येतंय." मी ब्लेड मागितलं आणि पाइप मधोमध उभा चिरला. आतून पिवळट बुळबुळीत थर, नख फिरवलं तर नखात लोण्यासारखा निघतोय, आणि वास आंबट ताकाचा. धुत होते ते खरंच, पण नुसतं गार पाणी सोडून, आणि मग गुंडाळी करून खुंटीला. गुंडाळीच्या खालच्या वेटोळ्यात वाटीभर दूधमिश्रित पाणी बारा तास एप्रिलच्या उकाड्यात. बॅक्टेरियाला आणखी काय पाहिजे. आणि हेलकाव्यांचं कारण पण तिथंच सापडलं, धुणारे दोघं जण आळीपाळीनं यायचे, त्यातला एक पाइप शेवटी उभा धरून झटकायचा आणि दुसरा तसाच गुंडाळायचा.

नवीन पाइप घेतला, आणि धुण्याची पद्धत बदलली. दूध संपल्या संपल्या, वाळायच्या आत साधं पाणी. मग गरम पाण्यात डेअरीची वॉशिंग पावडर, आणि ब्रश आत जाईल तेवढा घालून. परत साधं पाणी. मग पाइप उभा, दोन्ही तोंडं मोकळी, वेटोळं नाही. सकाळी दूध यायच्या आधी क्लोरीनचं हलकं पाणी, 100 ते 200 पीपीएम, फिरवायचं आणि पूर्ण निथळू द्यायचं. निथळू द्यायचं हे मुद्दाम सांगतोय, क्लोरीनचं पाणी दुधात राहिलं तर नळी दिवसभर निळी राहील आणि तुम्ही खुश व्हाल, पण ती भेसळ झाली. मोटरचं पंप हाउसिंग आणि कूलरच्या आउटलेटचा कॉक पण आठवड्यातून खोलायचा ठरला, त्या कॉकच्या रबरी रिंगखाली मी जे बघितलंय ते लिहीत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल.

आता चौथा गट. दुसऱ्या दिवशी त्या अकरा जणांच्या अकरा नळ्या लावल्या. दहा ठीक, एक अर्ध्या तासाच्या आत गेली. अ‍ॅसिडिटी त्या दुधाची पण 0.15, काट्यावर कुणाला कधीच शंका आली नव्हती. घरी गेलो. तीन एचएफ गायी, गोठा चकाचक, कासं धुऊन धार काढतात, मशीनचे कप पण स्वच्छ. मला काही कळेना. शेवटी विचारलं, "मावशी, दिवसातून किती वेळा धार काढता?"

"तीनदा की. जास्त दुधाच्या गायी हायत, दुपारी एकदा काढावंच लागतंय."

"मग दुपारचं दूध कुठं ठेवता?"

"हौदाशेजारी, सावलीत. प्लास्टिकच्या कॅनात."

झालं. दुपारी बाराचं दूध संध्याकाळी सहाला केंद्रावर येत होतं, सहा तास सावलीत पण सदतीस-अडतीस अंशाच्या हवेत, म्हणजे जवळजवळ आमच्याच वॉटर बाथमध्ये. त्यात संध्याकाळची ताजी धार ओतून एकत्र आणायचे. मावशींना सांगितलं की स्टीलच्या किटलीत काढा आणि किटली हौदाशेजारी नको, हौदात ठेवा, पाणी दुधाच्या पातळीच्या वर येईल अशी, आणि संध्याकाळच्या दुधात मिसळू नका, वेगळी आणा. आठवड्यानं दुपारचं दूध तीन तासाला आलं. बर्फ नाही, मशीन नाही, फक्त हौदाचं पाणी. तुमचे सभासद जे "ताज्या धारेचं" म्हणतात ना, ते खोटं बोलत नसतात, पण कुठली धार हे कुणी विचारत नाही. रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळणारे पण नळीत असेच सापडतात.

एक-दोन ठिकाणी ही टेस्ट फसवते ते पण माहीत पाहिजे. एखाद्या सभासदाच्या एकाच गाईचं दूध सारखं लवकर जात असेल आणि स्वच्छता, वेळ सगळं ठीक असेल तर मस्टायटिस बघा, कासदाहाच्या दुधात पांढऱ्या पेशी भरपूर असतात आणि त्या पण ऑक्सिजन वापरतात. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक असला तरी तसंच होतं. उलट, शेजारपाजारचं सगळं दूध तीन-चार तासाला गेलंय आणि एकाच माणसाची नळी रात्रभर निळी राहिली तर त्याला बक्षीस द्यायच्या आधी थांबा. अँटिबायोटिक टोचलेल्या गाईचं दूध असं वागतं, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा फॉर्मेलिन घातलेलं पण. त्या दुधाच्या त्या त्या वेगळ्या टेस्ट करायच्या.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची मर्यादा मात्र बल्क कूलरची आहे. ही पद्धत कॅनमधून गरम दूध यायचं त्या काळातली. दूध 4 अंशाला ठेवलं की गरम हवेत वाढणारे बॅक्टेरिया थांबतात, पण थंडीत वाढणारी दुसरी जात सावकाश वाढत राहते, आणि ती 37 अंशाच्या नळीत तितकीशी जोर करत नाही. म्हणून टँकर एक दिवसाआड येत असेल तर कूलरमधल्या दुधाची एमबीआरटी खऱ्यापेक्षा बरी दिसते. त्यामुळं कूलरमधल्या चार तासावर फार विसंबू नका, पण कूलरमधल्या एक तासावर नक्की विश्वास ठेवा. खरा निवाडा सभासदाच्या किटलीतल्या आणि डंप टँकमधल्या न थंडावलेल्या दुधावर होतो. आणि ही टेस्ट लागायला तास जातात, तोवर दूध कूलरमध्ये मिसळून गेलेलं असतं, म्हणजे काट्यावर दूध परत पाठवायला हिचा उपयोग नाही. त्यासाठी वास, चव आणि उकळून बघणं हेच चालू ठेवा. एमबीआरटी उद्या कुणाच्या घरी जायचं ते सांगते.

आता डेअरीच्या रिपोर्टचं. आधी विचारा की सॅम्पल कुठलं घेतात. टँकर चार केंद्रांचं दूध भरत जात असेल आणि सॅम्पल टँकरचं असेल तर तो एक तास तुमचा आहे हे सिद्धच होत नाही. सॅम्पल तुमच्या कूलरमधून, ढवळणं पाच मिनिटं चालवून, टँकर भरायच्या आधी, उकळत्या पाण्यातून काढलेल्या डिपरनं घेतलं पाहिजे. एकाच डिपरमधून दोन बाटल्या भरा, दोन्हींवर वेळ आणि दुधाचं तापमान लिहा, ड्रायव्हरची सही घ्या, एक बर्फाच्या पेटीत त्यांच्याबरोबर पाठवा आणि दुसरी तुम्ही बर्फात ठेवून त्यांची टेस्ट लागते साधारण त्याच वेळी लावा. दोघांचा अर्ध्या तासाचा फरक आला तर सोडून द्या, वाचनच अर्ध्या तासाचं आहे. दीड-दोन तासांचा फरक सलग येत राहिला तर पेटीत बर्फ टिकतोय का ते बघा. एका डेअरीच्या गाडीत मी पेटी उघडली तेव्हा आत नुसतं कोमट पाणी होतं आणि त्यात तरंगणाऱ्या बाटल्या.

आज संध्याकाळीच सुरुवात करायची असेल तर आठ नळ्यांच्या भानगडीत नंतर पडा. डंप टँकची एक, पाइपच्या टोकाला पडणाऱ्या पहिल्या दुधाची एक आणि दोन कंट्रोल, एवढ्या चारच लावा. टाकी आणि पाइप यांच्यात तासाभराचा पण फरक निघाला तर सभासदांची मीटिंग बोलावू नका, ब्लेड शोधा.